खोली सहा हजारांची, कपात सगळ्या बिलात

डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर एक वाद नेहमी ऐकू येतो. घरच्यांच्या हातात तीन लाखांची पॉलिसी असते आणि बिल झालेलं असतं दीड लाख. खोली मर्यादेपेक्षा महाग होती, हे त्यांना ठाऊक असतं. तो फरक आपल्या खिशातून जाणार, इतकी तयारी करून ते आलेले असतात. पण कंपनीचं मंजुरीपत्र येतं तेव्हा कळतं की सर्जनची फी अर्धीच मंजूर झाली आहे, भूलतज्ज्ञाची अर्धी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही अर्धाच. ‘खोलीचा आणि सर्जनचा काय संबंध?’ हा त्यांचा प्रश्न असतो. उत्तर पॉलिसीच्या एका कलमात असतं. ते कलम त्यांनी वाचलेलं नसतं, किंवा वाचलं असूनही त्याचा हा अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

आरोग्य विम्यातलं हे कलम प्रमाणशीर कपातीचं. ते लपवलेलं नसतं. कंपनीने नियमाप्रमाणे छापलेलं असतं आणि ग्राहकाने ती पॉलिसी स्वीकारलेली असते. तरीही हजारो रुपयांचा फटका बसेपर्यंत ते कळत नाही, कारण ते ज्या पद्धतीने लिहिलं जातं त्यातून ग्राहकाला हवी ती माहिती बाहेर पडत नाही. म्हणून हे एकच कलम हातात घेऊन ते साध्या मराठीत कसं आणता येईल, आणता आणता काय सांभाळावं लागतं आणि काय बिघडू शकतं, हे पायरीपायरीने पाहू.

मूळ कलम

आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी इंग्रजीत असतात. त्यांत हे कलम ज्या घडणीत येतं, तीच घडण ठेवून मी ते मराठीत मांडलं आहे. हे कोणत्याही एका कंपनीचं कलम नाही.

‘विमाधारकाने मूळ विमा रकमेच्या प्रतिदिन १ टक्का या मर्यादेपेक्षा अधिक दराच्या खोलीत दाखल होण्याची निवड केल्यास, संलग्न वैद्यकीय खर्चांची (औषधे, उपभोग्य वस्तू, रोपण साधने, वैद्यकीय उपकरणे व निदान चाचण्या यांचा खर्च वगळून) प्रतिपूर्ती, प्रत्यक्ष आकारलेल्या प्रतिदिन दराशी अनुज्ञेय प्रतिदिन दराचे जे प्रमाण असेल त्याच प्रमाणात केली जाईल, परंतु ज्या रुग्णालयांत खोलीच्या वर्गानुसार भिन्न आकारणी केली जात नाही, अथवा ज्या खर्चांबाबत अशी भिन्न आकारणी अवलंबिलेली नाही, तेथे ही तरतूद लागू होणार नाही.’

हे कलम सोपं करा असं सांगितलं, तर पहिला मोह होतो तो अवघड शब्द बदलण्याचा. ‘प्रतिपूर्ती’च्या जागी ‘भरपाई’, ‘अनुज्ञेय’च्या जागी ‘मान्य’, ‘उपभोग्य वस्तू’च्या जागी ‘वापरून टाकायच्या वस्तू’. करून पाहिलं तर वाक्य थोडं हलकं होतं, पण वाचणाऱ्याला अजूनही कळत नाही की त्याने चार हजारांची खोली घेतली तर नेमके किती रुपये जाणार. अडचण शब्दांत थोडी आहे, मांडणीत जास्त. एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: मर्यादा किती, ती ओलांडली तर काय होतं, कशाला हात लागत नाही, आणि कपात मुळीच कधी करता येत नाही. चौथी गोष्ट ग्राहकाच्या सर्वांत फायद्याची, आणि तीच ‘परंतु’नंतर, दमलेल्या वाचकासाठी शेवटी ठेवलेली.

म्हणून काम सुरू करायचं ते कलमाला ग्राहकाचे प्रश्न विचारून. मला किती भाड्याची खोली घेता येईल? त्याहून महाग घेतली तर माझे किती जातील? कोणत्या खर्चांतून जाणार नाहीत? ही कपात मला कधी लागूच होत नाही? पुन्हा लिहिलेल्या कलमाने या चार प्रश्नांची उत्तरं याच क्रमाने दिली पाहिजेत.

बिलात खरं काय घडतं

उत्तरं लिहिण्याआधी लिहिणाऱ्याला स्वतःला हिशेब यायला हवा. एक नमुना बिल घेऊ. विमा रक्कम ३,००,००० रुपये, म्हणून खोलीच्या भाड्याची मर्यादा रोज ३,००० रुपये. रुग्ण अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी पाच दिवस दाखल होता आणि त्याने रोज ६,००० रुपयांची खोली घेतली. बिल असं झालं:

खोली आणि नर्सिंग, पाच दिवस: ३०,००० रुपये
सर्जन, भूलतज्ज्ञ आणि डॉक्टरांच्या व्हिजिट: ६०,००० रुपये
ऑपरेशन थिएटर: २०,००० रुपये
औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तू: २८,००० रुपये
तपासण्या: १२,००० रुपये
एकूण: १,५०,००० रुपये

रुग्णाच्या घरच्यांनी मनात मांडलेला हिशेब असा असतो: खोलीचे रोजचे ३,००० जास्त, पाच दिवसांचे १५,०००. तेवढे आपण भरू, बाकीचे १,३५,००० कंपनी देईल.

कंपनीचा हिशेब वेगळा असतो. मान्य भाडं ३,०००, प्रत्यक्ष भाडं ६,०००, म्हणजे मान्य भाडं प्रत्यक्ष भाड्याच्या निम्मं. खोलीचे मिळणार १५,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, व्हिजिट आणि थिएटर मिळून झालेले ८०,००० हे ‘संलग्न वैद्यकीय खर्च’. त्यांचेही निम्मे, म्हणजे ४०,०००. औषधं, वस्तू आणि तपासण्यांचे ४०,००० मात्र पूर्ण मिळणार. एकूण ९५,०००. घरच्यांना भरावे लागणार ५५,०००.

अपेक्षा १५,००० भरण्याची होती आणि भरायला लागले ५५,०००. मधले ४०,००० हीच या कलमाची खरी किंमत. कलमाच्या मूळ मजकुरात मात्र रुपयांचा एकही आकडा नाही.

कंपनी असं का करते, हेही समजून घ्यायला हवं, कारण ते कळलं की कलमाचा शेवटचा भाग उलगडतो. शहरांतल्या अनेक हॉस्पिटलांत सगळ्या उपचारांचे दर खोलीच्या वर्गावर ठरतात. जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स अशा पायऱ्या असतात आणि पायरी चढली की तोच सर्जन, तेच ऑपरेशन, तेच थिएटर असूनही दर चढतो. कंपनीने हप्ता ठरवला तो तीन हजारांच्या खोलीच्या वर्गातला खर्च धरून. ग्राहकाने वरचा वर्ग घेतला की खोलीबरोबर सर्जनचं बिलही वाढतं, आणि ती वाढ आपण का सोसावी, हा कंपनीचा मुद्दा. म्हणजे कपात आहे ती वर्ग बदलल्याने वाढलेल्या दरांसाठी.

मग जिथे दर वाढतच नाहीत, तिथे कपातीला आधार उरत नाही. तालुक्याच्या गावातल्या अनेक नर्सिंग होममध्ये ऑपरेशनची फी सगळ्यांना एकच असते, रुग्ण जनरलमध्ये असो की स्वतंत्र खोलीत. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला आपण ‘इर्डा’ म्हणतो त्या संस्थेने, जून २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवायची साधनं, वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्या यांचा खर्च ‘संलग्न’ खर्चात धरायचा नाही. जे हॉस्पिटल खोलीप्रमाणे वेगळे दर लावत नाही, तिथे प्रमाणशीर कपात करायची नाही. जिथे लावतात तिथेही ज्या खर्चाचा दर खोलीप्रमाणे बदलत नाही, त्या खर्चात कपात करायची नाही. आणि आयसीयूच्या आकाराला ही कपात लावायची नाही.

आता वरच्याच बिलात एवढा एक बदल करू: हॉस्पिटल सगळ्या खोल्यांना सर्जनची आणि थिएटरची फी एकच लावतं. मग ते ८०,००० पूर्ण मिळायला हवेत. खोलीचे १५,०००, बाकीचे ८०,००० आणि ४०,०००, मिळून १,३५,०००. घरच्यांना भरायचे फक्त १५,०००. म्हणजे घरच्यांनी मनात केलेला हिशेब अशा हॉस्पिटलात बरोबर ठरतो. ‘परंतु’नंतरच्या त्या ओळीवर इथे ४०,००० रुपये अवलंबून आहेत. ती ओळ तळाशी टाकणं ग्राहकावर अन्याय करणारं आहे, मग ते हेतुपुरस्सर असो वा नसो.

पुन्हा लिहिलेलं कलम

आता लिहायला घेऊ. हे कलम एका विशिष्ट ग्राहकाच्या पॉलिसीत छापलं जाणार आहे, म्हणून त्यात त्याचा स्वतःचा आकडा हवा. विमा रकमेचा टक्का काढायला लावणं हे ग्राहकाचं काम नव्हे. कंपनीकडे त्याची रक्कम आहे आणि छापणारं यंत्रही आहे.

‘खोलीचे भाडे आणि तुमचे बिल

तुमची मर्यादा. खोलीच्या भाड्यासाठी तुमची मर्यादा रोज ३,००० रुपये आहे. तुमच्या मूळ विमा रकमेचा, म्हणजे ३,००,००० रुपयांचा, हा १ टक्का आहे. बोनसची रक्कम यात धरलेली नाही. या भाड्यापर्यंतची खोली घेतलीत, तर या कलमामुळे तुमच्या बिलातून काहीही कापले जाणार नाही.

मर्यादेपेक्षा महाग खोली घेतलीत तर. दोन ठिकाणी पैसे कमी मिळतील. पहिले, खोलीचे रोज ३,००० रुपयेच मिळतील. दुसरे, डॉक्टरांची व सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच हिशेबाने कमी मिळेल. या दुसऱ्या खर्चांतल्या दर १०० रुपयांमागे तुम्हाला असे मिळतील:
खोली ४,००० रुपयांची असेल तर ७५ रुपये,
५,००० रुपयांची असेल तर ६० रुपये,
६,००० रुपयांची असेल तर ५० रुपये,
७,५०० रुपयांची असेल तर ४० रुपये.
इतर भाड्यांसाठी: ३,००० ला तुमच्या खोलीच्या रोजच्या भाड्याने भागा आणि १०० ने गुणा.

या कलमामुळे कशातून कापणार नाही. औषधे, वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवलेली साधने, वैद्यकीय उपकरणे, तपासण्या आणि आयसीयूचा आकार. पॉलिसीच्या इतर अटी या खर्चांनाही लागू आहेत.

डॉक्टर आणि थिएटरच्या खर्चातून कधी कापणार नाही. तुमचे हॉस्पिटल सगळ्या खोल्यांना सारखेच दर लावत असेल, तर दुसऱ्या प्रकारची कपात होणार नाही. काही खर्चांचेच दर सगळ्या खोल्यांना सारखे असतील, तर तेवढ्या खर्चांतून कपात होणार नाही. खोलीचे मात्र रोज ३,००० रुपयेच मिळतील.’

मूळ कलमापेक्षा हे लांब झालं, आणि ते व्हायलाच हवं. सोपं करणं म्हणजे छोटं करणं, असं समजून पुष्कळ माहितीपत्रकं फसतात. ‘खोलीच्या भाड्याला १ टक्क्याची मर्यादा’ एवढीच ओळ छापली की ती छोटी दिसते, पण चाळीस हजारांची बाब तिच्यातून गळून जाते. वाचकाला वाचायला किती वेळ लागला यापेक्षा वाचून झाल्यावर त्याला निर्णय घेता आला का, हे महत्त्वाचं.

काय बदललं, तेही पाहू. ‘प्रमाण’ हा शब्द गेला आणि त्याच्या जागी दर शंभर रुपयांचा हिशेब आला. गुणोत्तर शाळेत शिकलेल्या माणसालाही आजारपणाच्या धावपळीत ते मांडता येत नाही, पण ‘शंभरातले साठ मिळतील’ हे कोणालाही कळतं. ‘विमाधारक’ गेला आणि ‘तुम्ही’ आलात. ‘संलग्न वैद्यकीय खर्च’ या नावाखाली जे येतं, त्याची यादीच दिली. पॉलिसीत इतर कलमांत ही संज्ञा वापरली असेल, तर तिची व्याख्या तिथे राहू द्यावी लागते आणि इथली यादी त्या व्याख्येशी तंतोतंत जुळवावी लागते. दोन ठिकाणी दोन याद्या झाल्या तर सोपेपणाच्या नावाखाली नवा वाद उभा राहतो.

जिथे सोपं करताना चूक होते

सर्वांत धोकादायक चूक वचन वाढवून ठेवण्याची. माझ्या मसुद्यात ‘या कलमामुळे’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले आहेत. ते काढले तर वाक्य नीटस होतं: ‘तीन हजारांपर्यंतची खोली घेतलीत, तर तुमच्या बिलातून काहीही कापले जाणार नाही.’ पण हे खोटं आहे. पॉलिसीत ग्राहकाने ठरावीक टक्के स्वतः भरण्याची अट असू शकते, मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा असू शकते, आणि हातमोजे, डायपर यांसारख्या देय नसलेल्या वस्तूंची यादी असते. ते सगळं कापलं जाईलच. ‘या कलमामुळे’ हे दोन शब्द कानाला खटकले तरी ठेवावे लागतात, कारण वाक्याचा खरेपणा त्यांच्यावर उभा आहे.

दुसरी चूक याच्या उलट: मूळ कलमात नसलेलं उत्तर स्वतःच्या मनाने भरणं. कलम नीट उलगडू लागलं की त्यातल्या फटी दिसतात. ‘दाखल होण्याची निवड केल्यास’ असं मूळ वाक्य म्हणतं. रात्री दोन वाजता अपघाताचा रुग्ण आणला, मर्यादेतली एकही खोली रिकामी नाही आणि हॉस्पिटलने सात हजारांची खोली दिली, तर ती ‘निवड’ म्हणायची का? कलम बोलत नाही. बोनसचंही तसंच. ‘विमा रकमेच्या १ टक्का’ असं मोघम लिहिलं असेल, तर पाच लाखांवर एक लाख बोनस साठलेला ग्राहक आपली मर्यादा ६,००० समजतो आणि कंपनी ५,००० धरते. नमुना कलमात ‘मूळ’ हा शब्द होता म्हणून मला बोनसचं वाक्य लिहिता आलं, आणि आयसीयूचा उल्लेख इर्डाच्या नियमामुळे करता आला. ‘मूळ’ हा शब्द नसता तर मला बोनसचं वाक्य लिहिण्याचा अधिकार नव्हता. अशा वेळी पुन्हा लिहिणाऱ्याने थांबावं आणि प्रश्न कंपनीच्या विधी विभागाकडे आणि क्लेम मंजूर करणाऱ्यांकडे पाठवावा. अनेकदा या दोघांची उत्तरं वेगळी निघतात. तेव्हा कळतं की कलम फक्त अवघड नव्हतं, ते अर्धवट होतं. साध्या भाषेत आणल्याशिवाय ही उणीव उघडी पडत नाही.

या फटींना कायद्यातही वजन आहे. पॉलिसीचा मजकूर कंपनी लिहिते आणि ग्राहकाला त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. त्यामुळे मजकुराचे खरोखर दोन अर्थ निघत असतील, तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे ग्राहकाच्या बाजूने वाचायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालच्या चांदमल जैन प्रकरणातल्या निकालात विमा कराराबाबत मांडलं आहे. त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की न्यायालय नवा करार लिहून देणार नाही. म्हणून अवघड पण स्पष्ट कलमाचा फायदा ग्राहकाला मिळत नाही. प्रमाणशीर कपातीचं कलम बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडतं: कष्टाने वाचलं तर अर्थ एकच निघतो. ‘मला समजलं नाही’ हा मग बचाव ठरत नाही, आणि म्हणूनच ते आधीच समजेल असं लिहिणं हे कंपनीचं कर्तव्य मानायला हवं.

समजलं की नाही, हे कसं तपासायचं

मसुदा झाल्यावर चार जणांना वाचायला देऊन ‘समजलं का?’ विचारण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग नाही. मान सगळेच डोलावतात. ज्याला कळलेलं नसतं त्यालाही आपल्याला कळलं असंच वाटत असतं, कारण खोलीच्या फरकाचा चुकीचा हिशेब त्याच्या डोक्यात आधीपासून तयार असतो. त्याऐवजी प्रसंग द्यावा आणि आकडा मागावा.

पहिला प्रसंग: मर्यादा ३,०००, खोली ४,००० रुपयांची, दोन दिवस. सर्जनची फी ४०,००० आणि ती खोलीप्रमाणे बदलते. औषधं १०,०००. कंपनी किती देईल? बरोबर उत्तर: खोलीचे ६,०००, सर्जनचे ३०,०००, औषधांचे १०,०००, एकूण ४६,०००. ज्याचं उत्तर ५६,००० आलं, त्याच्यापर्यंत दुसरी कपात पोहोचलेली नाही. ज्याचं ४३,५०० आलं, त्याने औषधांतूनही कापलं, म्हणजे ‘कशातून कापणार नाही’ हा भाग त्याच्या नजरेतून सुटला.

दुसरा प्रसंग: तेच सगळं, पण हॉस्पिटल सर्व खोल्यांना सर्जनची फी एकच लावतं. उत्तर ५६,०००. इथे कोणी ५८,००० सांगितले, तर ‘कपात होणार नाही’ हे त्याने खोलीच्या भाड्यालाही लावलं. मसुद्याच्या शेवटी ‘खोलीचे मात्र रोज ३,००० रुपयेच मिळतील’ हे वाक्य याच चुकीसाठी आहे.

चुकीच्या उत्तराचा असा माग काढला की दोष कोणत्या वाक्याचा, हे कळतं. एखाद-दुसरा माणूस चुकला तर घाईत चुकला असेल. पण वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळे व्यवसाय करणारे लोक एकाच जागी चुकत असतील, तर चूक वाक्याची असते आणि ते वाक्य बदलावं लागतं. तपासणीला बसवायची माणसं विम्याच्या धंद्यातली नकोत. किराणा दुकानदार, रिक्षाचालक, निवृत्त शिक्षिका, घर सांभाळणाऱ्या बाई, ज्यांना उद्या खरंच त्या डेस्कसमोर उभं राहावं लागेल, ती हवीत. मसुद्याची दुसरी परीक्षा क्लेम विभागाने घ्यायची: दहा जुने क्लेम काढायचे, मूळ कलमाने आणि नव्या कलमाने रक्कम काढायची, आणि दहाच्या दहा ठिकाणी ती पैशापर्यंत जुळते का ते पाहायचं. जुळली नाही तर आपण कलम सोपं केलेलं नाही, बदललं आहे.

सारांश पुरेसा का नाही

इर्डाने १ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्याबरोबर सुधारित ग्राहक माहितीपत्रक देणं बंधनकारक केलं. त्यात विमा रक्कम, काय मिळतं, काय मिळत नाही, प्रतीक्षा काळ, खोलीच्या भाड्यासारख्या मर्यादा, क्लेमची पद्धत आणि तक्रारीचा मार्ग सोप्या शब्दांत द्यायचे असतात. ग्राहकाने मागितलं तर ते स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीतही द्यायचं असतं. हा चांगला बदल आहे आणि मराठी प्रत आवर्जून मागावी.

पण त्याच पत्रकावर हेही लिहिलेलं असतं की पत्रक आणि पॉलिसी यांत फरक आढळल्यास पॉलिसीतला मजकूर ग्राह्य. म्हणजे ग्राहक वाचतो एक कागद आणि त्याचा क्लेम ठरतो दुसऱ्या कागदावर. सोपा सारांश हा वाट दाखवतो, निवाडा करत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की सोपी भाषा सारांशात नको, कलमातच हवी. निदान ज्या कलमांनी रक्कम ठरते, ती तरी: खोलीची मर्यादा, ग्राहकाने भरायचा वाटा, प्रतीक्षा काळ, आधीपासूनचे आजार. हीच कलमं ग्राहकाच्या आकड्यांसह, उदाहरणासह आणि अपवादांना वर आणून लिहिली, तर दोन कागदांत फरक पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

ग्राहकाने आज काय करावं

कंपन्या हे करतील तेव्हा करतील. तोवर आपल्या पॉलिसीतलं हे कलम आपण स्वतः पुन्हा लिहून ठेवू शकतो. पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा शोधा. टक्क्यात असेल तर रुपयांत काढा आणि बोनस धरलाय की नाही ते कंपनीला ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील. मर्यादा रुपयांत नसून ‘सिंगल प्रायव्हेट एसी खोली’ अशी वर्गात दिली असेल, तर तुमच्या जवळच्या हॉस्पिटलांत त्या वर्गाला काय म्हणतात, ते पाहा. नवी पॉलिसी असेल आणि ही मर्यादा पटली नाही, तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

दाखल होताना दोन प्रश्न विचारायचे: मर्यादेतली खोली आहे का, आणि सर्जनची व थिएटरची फी खोलीप्रमाणे बदलते का? महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी हॉस्पिटलांनी दरपत्रक दर्शनी जागी लावायचं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. फी बदलत नसेल तर हॉस्पिटलकडून तसं लिहून घ्या. मर्यादेतली खोली शिल्लक नव्हती म्हणून महाग घ्यावी लागली, तर तेही लिहून घ्या. त्याने पैसे मिळतीलच असं नाही, पण कागदाशिवाय तो मुद्दा मांडताच येत नाही.

आणि कपात झालीच, तर मंजुरीपत्रात ती कोणत्या खर्चावर किती झाली ते पाहा. औषधांवर, तपासण्यांवर किंवा आयसीयूवर प्रमाणशीर कपात लावली असेल, किंवा फी न बदलणाऱ्या हॉस्पिटलच्या बिलावर लावली असेल, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्याची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या मागण्या तिथे ऐकल्या जातात. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत मात्र जावं लागतं.

त्या तक्रारीत रागाची चार पानं लिहिण्याची गरज नसते. ‘या हॉस्पिटलात सर्जनची फी सर्व खोल्यांना एकच आहे, दरपत्रक जोडलं आहे, म्हणून पॉलिसीतल्या याच कलमानुसार ही ४०,००० रुपयांची कपात लागू होत नाही’ एवढं वाक्य पुरतं. हे वाक्य लिहिता येण्यासाठी ग्राहकाला कलमाचा शेवटचा भाग माहीत असावा लागतो, आणि तो माहीत करून देणं ही कलम लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे.